नवऱ्याचा फायर सूट मी घरीच धुते. काही चुकतंय का?

सुईदोरा
नमस्कार मंडळी. मिस्टर एका कारखान्याच्या फायर सेक्शनला आहेत, कारखान्याचं नाव लिहीत नाही. आसपास मोठी आग लागली की मदतीला त्यांच्या गाडीलाही बोलावणं येतं. पंधरा दिवसांपूर्वी टॉवेलच्या गोडाऊनची वर्दी होती. संध्याकाळी गेलेले पहाटे आले. तिथं सूट धुवायची सोय नाही म्हणून पोत्यात कोंबून घरी आणला आणि पोतं सकाळपर्यंत हॉलमध्येच पडून होतं. उठले तर घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास.

आमच्याकडं पाणी पाच दिवसांआड. नशिबानं त्या दिवशी आलेलं. वरचा कोट टबात कडकडीत पाण्यात भिजवला, पावडर टाकली, थोडं ब्लीच टाकलं, ब्रशनं घासला. आतलं अस्तर चेन काढून वेगळं होतं, ते वॉशिंग मशीनला लावलं. दोन्ही गच्चीवर तीन दिवस उन्हात. खांद्यावर दोन बोटं कापड फाटलेलं होतं, ते दुहेरी टीप मारून शिवलं. मी युनिफॉर्म शिवायच्या युनिटला आहे, शिलाईत माझा हात कुणी धरणार नाही.

आता बघते तर कोट जागोजागी फिका झालाय, आणि वास अजून येतोच. त्याच मशीनला दुसऱ्या दिवशी मुलीचा शाळेचा ड्रेस लावला, तेव्हापासून मनात पाल चुकचुकतेय. काय करू?

रंगारी_भवानीपेठ
ताई, काजळी म्हणजे कार्बन. ती काय रंगासारखी धाग्यात शिरत नाही, वर बसते. आमच्या डाय हाऊसला सोपिंग करतो तसं ९० अंशाला घ्या, थोडा कॉस्टिक, चांगला सोपिंग एजंट, मग हायड्रोला पिळून घ्या. शेवटी सिलिकॉन सॉफ्टनर मारा, कोट कसा मऊ होतो बघा. वासाचं नाव राहणार नाही.

गड्ड्यावरचा
आमच्या पण चादरीला काजळी लागली बघा. लाईट गेली तेव्हा दिवा लवंडला. हातानं चोळलं तर डाग ताटाएवढा झाला. लग्नातली चादर आहे, बायको बोलत नाहीये. कुणी उपाय सांगा.

निवृत्त_बंबवाला
गड्ड्यावरचे, तुम्ही वेगळा धागा काढा राव, इथं माणसाच्या जिवाचं चाललंय.

सुईदोरा ताई, मी मुंबईकडं एका रिफायनरीच्या फायर सर्व्हिसला होतो, आता जुळे सोलापूरला असतो. शेवटची आठ वर्षं सूटचं भांडार माझ्याकडंच होतं. तुम्ही जे केलं ते प्रेमापोटी केलं, पण त्यातलं जवळजवळ सगळं कोटाच्या विरुद्ध गेलंय. रागावू नका, एकेक सांगतो.

कोटाला तीन थर असतात. वरचं कापड अरामिडचं, म्हणजे नोमेक्स किंवा केव्हलारसारख्या धाग्याचं. ते वितळत नाही, जळतं ठेवलं तरी काळं पडून थांबतं. मधे एक पातळ पडदा असतो, प्लॅस्टिकच्या पापुद्र्यासारखा. तो बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. सगळ्यात आत ऊब अडवणारं गादीसारखं अस्तर. पडदा आणि गादी मिळून जे वेगळं निघतं तेच तुम्ही मशीनला लावलंत.

ब्लीचमधला क्लोरीन अरामिडचा धागा खातो. ऊनही तेच करतं. केव्हलार उन्हात ठेवला की त्याची ताकद उतरते, आणि आपल्याकडचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय ते मी सांगायला नको. कोट फिका झाला ही त्याचीच खूण. कडकडीत पाण्यानं पडद्याच्या शिलाईवर चिकटवलेली पट्टी सुटायला लागते. अमेरिकेत एनएफपीए १८५१ म्हणून सूटची निगा कशी राखायची त्याचं मानक आहे. त्यात पाणी जास्तीत जास्त ४० अंश, साबणाचा पीएच ६ ते १०.५ च्या मधे आणि क्लोरीन ब्लीच अजिबात नाही, असं स्पष्ट लिहिलंय. रंगारीसाहेब, तुमचे ९० अंश आणि कॉस्टिक टॉवेलला ठीक आहेत. इथं एका धुण्यात पडदा जाईल.

आता शिलाई. कुठला दोरा वापरलात?

सुईदोरा
पॉलिएस्टर, काका. पॅंटला लावतो तोच, जाड. आणि खरं सांगू का, खांद्याशी दोन्ही थर एकदम धरून टीप मारली, म्हटलं पक्कं होईल.

निवृत्त_बंबवाला
तिथंच घात झाला. पॉलिएस्टर २६० अंशाच्या आसपास वितळतो. आगीत कोटाचं कापड टिकेल आणि तुमची टीप पाघळून उघडी पडेल, तीही नेमकी खांद्यावर, जिथं बी.ए. सेटचा, म्हणजे श्वासासाठी पाठीवर घेतलेल्या हवेच्या टाकीचा पट्टा दाबून बसतो. वरचं कापड शिवायला अरामिडचाच दोरा लागतो. पण त्याहून वाईट म्हणजे सुई पडद्यातून गेली. प्रत्येक टाक्याला एक भोक. त्या भोकांवर आतून पट्टी चिकटवून घ्यावी लागते, ती घरच्या इस्त्रीनं होत नाही. पडद्याची दुरुस्ती बनवणाऱ्याकडं नाहीतर त्यानं नेमलेल्या माणसाकडंच जाते. शिलाई कितीही देखणी असली तरी पाणी भोक शोधतंच.

आणि पाणी आत आलं की नुसतं भिजत नाही. ओल्या अस्तरातून उष्णता भरभर आत येते, वाफेनं भाजतं. आमच्याकडं एका जवानाचा खांदा असाच भाजला होता. वरून कोट ठणठणीत दिसत होता.

रंगारी_भवानीपेठ
मान्य, ९० मागे घेतो. पण हायड्रोचं काय? पिळून घेतलं तर वाळायला सोपं, उन्हाची गरजच नाही.

निवृत्त_बंबवाला
पिळण्यालाही मर्यादा आहे, १०० जी. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या शंभर पटीपेक्षा जास्त जोर नको. तुमच्या हायड्रोचा किती येतो?

रंगारी_भवानीपेठ
हिशोब मांडला. आमची बास्केट ४८ इंची, म्हणजे त्रिज्या ६१ सेंटिमीटर, आणि फेरे मिनिटाला ९००. उत्तर साडेपाचशे पटीच्या आसपास आलं. बापरे, टॉवेलला कधी विचार केला नव्हता.

सहज म्हणून घरच्या फ्रंट लोड मशीनचाही काढला. ड्रमची त्रिज्या साधारण २४ सेंटिमीटर धरली तर १२०० फेऱ्यांना ३८० च्या वर, ६०० ला शंभरच्या अगदी काठावर, आणि ४०० ला चाळीसच्या आसपास. म्हणजे मशीन वाईट नाही, बटण वाईट आहे. ताई, तुम्ही किती फेऱ्यांवर लावलेलं?

सुईदोरा
जे असतं त्यावरच. बघितलं, १२००.

निवृत्त_बंबवाला
हिशोब झकास. ४०० वर ठेवावं. पण घरच्या मशीनला माझा आक्षेप वेगळाच आहे. कोटातून निघालेलं ड्रममध्ये, रबराच्या घडीत राहतं आणि पुढच्या कपड्यांना लागतं. म्हणून घरी धुऊ नये, चौकात लॉंड्रीलाही देऊ नये. वेगळं मशीन, फक्त याच कामाचं. कोट आणि अस्तर वेगवेगळे धुवायचे, नाहीतर वरची घाण अस्तरात जाते. ते वेगळे धुतलेत, हे तुम्ही नकळत बरोबर केलंत.

सॉफ्टनर नको. त्याचा थर कापडावर बसतो, आणि आगीत जाणाऱ्या कोटावर जळणारं काही चढवायचंच कशाला? आपलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा चोथा होतो. पातळ डिटर्जंट घ्यावा आणि एक खळबळ जास्त करावी.

जुना_खेळाडू
वाचून हसू आलं. आमच्या काळी काळा कोट म्हणजे अनुभवी माणूस. नवा पिवळाधमक कोट घालून आला की पोरगं, लिंबूटिंबू. आमच्या मामांनी ३० वर्षं नोकरी केली, कोट पावसात भिजला तेवढाच धुतला गेला. ८३ वर्षांचे आहेत, अजून सकाळी सिद्धेश्वर तळ्याला फेरी मारतात. तुम्ही लोक पोरींना घाबरवताय.

बंबवाल्याचा_मुलगा
मामांना दीर्घायुष्य लाभो. माझे वडीलही दलात होते, दुसऱ्या शहरात. त्यांचा कोट आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला असायचा. लहानपणी मी लपाछपीत त्याच्या आत उभा राहायचो, तो वास अजून नाकात आहे. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी लघवीत रक्त गेलं. दुखत नव्हतं म्हणून त्यांनी सहा महिने घरात सांगितलंच नाही. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. ६३ व्या वर्षी गेले. विडी ओढायचे, म्हणून डॉक्टर म्हणाले विडीमुळं. मला अजून वाटतं कोटामुळं. कोटामुळंच, दुसरं काय.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजी लॅबला आहे, रोज स्लाइड बघते. मुलगा, तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण एका माणसाच्या बाबतीत विडी की कोट हे कुणालाच सांगता येणार नाही. दोन्हीतून येणारी काही रसायनं एकाच घराण्यातली आहेत, आणि विडी मूत्राशयाला वाईट हे पक्कं आहे. "कोटामुळंच" हे तेवढं पक्कं नाही.

तरी खेळाडूंच्या मामांवरूनही काही ठरत नाही. जे वाचले तेच तळ्याला फेरी मारताना दिसतात.

समूहाचं मात्र बोलता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. तिनं आधी आग विझवण्याच्या व्यवसायाला "कदाचित कॅन्सरकारक" म्हटलं होतं. २०२२ मध्ये तो थेट पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा. पुरेसा पुरावा दोन कॅन्सरचा धरला, मूत्राशयाचा आणि मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा. अमेरिकेत शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या सुमारे ३०,००० जवानांचा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. सर्वसाधारण लोकांपेक्षा कॅन्सरचं निदान साधारण ९ टक्के जास्त होतं आणि मेसोथेलिओमा दुप्पट. ९ टक्के हा आकडा घाबरून पळण्याचा नाही, पण दारामागं कोट टांगण्याचाही नाही. आणि हे नीट वाचा, ठपका व्यवसायावर आहे, एकट्या कोटावर नाही. धूर नाकातून जातो, गाडीचं डिझेल आहे, रात्रपाळ्या आहेत. कोटाचा वाटा किती, ते कुणी वेगळं मोजून दाखवलेलं मी पाहिलं नाही.

सुईदोरा
मूत्राशयच का पण? काजळी तर अंगाला लागते.

काचपट्टी
चांगला प्रश्न. रंगारीदादा म्हणाले काजळी म्हणजे कार्बन. तो कार्बन नुसता हमाल आहे. त्याच्या पाठीवर तेलकट रसायनं बसलेली असतात, पीएएच म्हणतात त्यांना, बेंझोपायरिन त्यातलंच. ती पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात, म्हणून कातडीतून आत शिरतात. मानेची कातडी पातळ, घामानं ओली, आगीच्या धगीनं रक्त वर आलेलं, आणि कॉलर तिथंच घासते. आत गेल्यावर यकृत त्यांना बाहेर टाकण्यासाठी बदलायला जातं, आणि बदलताना काही रूपं अशी तयार होतात की ती पेशीच्या डीएनएला चिकटतात. उरलेलं लघवीत उतरतं आणि पुढच्या लघवीपर्यंत मूत्राशयात साचून राहतं. अस्तराच्या पेशी त्या पाण्यात तासन्‌तास बुडून.

एका दिवसात काही होत नाही. वीस-पंचवीस वर्षं हेच चालू राहिलं तर होतं, तेही सगळ्यांना नाही. काजळी आणि कॅन्सरचं नातं १७७५ चं आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जननं धुराडी झाडणाऱ्या पोरांच्या अंडकोशाच्या कातडीच्या कॅन्सरवर लिहिलं होतं. तिथं घाम आणि काजळी घडीत साचायची. आता तीच घडी मानेला आहे.

मुलाला आणि सगळ्या जवानांना एकच सांगते. लघवीत रक्त दिसलं, दुखत असो नसो, थांबलं तरी, त्या आठवड्यात दाखवा.

जुना_खेळाडू
मामांना फोन करून विचारतो काही त्रास आहे का. पण कोट धुतल्यानं पंचवीस वर्षांनी काय फरक पडणार, हे तुम्ही पण सांगू शकत नाही.

काचपट्टी
नाही सांगू शकत.

निवृत्त_बंबवाला
पंचवीस वर्षांनंतरचं मीही सांगत नाही. त्या रात्री कोटावर किती उरलं, एवढं मात्र मोजलेलं आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं आगीनंतर तिथल्या तिथं कोट साफ करायच्या तीन पद्धती तपासल्या. हवेच्या झोतानं जवळजवळ काही गेलं नाही. सुक्या ब्रशनं पीएएच साधारण २३ टक्के कमी झालं. साबणपाण्यानं ८५ टक्के. काचपट्टी म्हणतात तसं तेलकट आहे, त्यामुळं त्याला साबणच लागतो, नुसतं पाणीही नाही.

म्हणून खरं धुणं घरी नाही, आग विझली तिथंच, गाडीपाशी. बी.ए. सेट तोंडावर तसाच ठेवून जवान उभा राहतो. दुसरा जण कमी दाबाच्या पाण्यानं वरून खाली भिजवतो, फवाऱ्यानं साबणपाणी मारतो, मऊ ब्रश फिरवतो, पुन्हा धुतो. हेल्मेट, खांदे, काखा, कोपर, मग बूट. दोन-तीन मिनिटांचं काम. गाडीत पाणी असतंच, दोन बादल्या इकडं-तिकडं. मग कोट काढून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, गाडीच्या केबिनमध्ये नाही, मागं. ओल्या फडक्यानं मान, गळा, हात पुसायचे आणि घरी गेल्यावर लगेच आंघोळ.

गोडाऊनची आग म्हणालात. छतावर सिमेंटचे पत्रे होते का?

सुईदोरा
विचारलं. हो म्हणाले. पत्रे फटाक्यासारखे फुटत होते, अंगावर चुरा पडला. मी कोट पोत्यातून काढून गच्चीवर आधी चांगला झटकला होता.

निवृत्त_बंबवाला
अरेरे. आपल्याकडच्या लूमच्या जुन्या शेडवर बहुतेक तेच पत्रे, ॲस्बेस्टॉसचे. धग लागली की तडकतात आणि तंतू उडतात. काचपट्टींनी सांगितलेला तो दुसरा कॅन्सर त्याचाच. असा कोट कधीही झटकायचा नाही, सुका ब्रश नाही, आधी भिजवायचा. घाबरू नका, एकदाच्या झटकण्यानं लगेच काही होत नाही. पण गच्ची सुक्या झाडूनं झाडू नका, पाणी टाकून ओल्या फडक्यानं पुसून घ्या आणि फडकं टाकून द्या.

काचपट्टी
मुलीच्या ड्रेसचं विचारलं होतंत. मशीन रिकामंच साबण टाकून दोनदा चालवा, रबराच्या घडीत ओलं फडकं फिरवा, ड्रेस पुन्हा धुवा. एका ड्रेसवरून गेलेलं प्रमाण फार थोडं. मनातली पाल हाकला.

होटगी_रोड
मीही एका कंपनीच्या फायर टीमला आहे. आमच्या सूटच्या लेबलवर ईएन ४६९ लिहिलंय, युरोपचं. तुमचं ते अमेरिकेचं. मग आम्हाला तुमचे नियम लागू नाहीत ना? आमच्याकडं कोटाला वयाची मर्यादा वगैरे काही नाही, फाटेपर्यंत वापरतात.

निवृत्त_बंबवाला
अर्धं बरोबर. ईएन ४६९ कोट कसा बनवायचा ते सांगतं, वयाची मर्यादा घालत नाही. तुमच्या सूटसोबत बनवणाऱ्याची पुस्तिका आली असेल, त्यात किती धुणी आणि किती वर्षं ते असतं. ती पुस्तिका स्टोअरच्या कपाटात सापडेल, कुणी उघडलेली नसेल. एनएफपीए १८५१ मध्ये मात्र बनवल्याच्या तारखेपासून १० वर्षं ही शेवटची सीमा आहे. वाटल्याची तारीख नाही, बनवल्याची. कोट खिळ्याला टांगूनही म्हातारा होतो. आणि दहा वर्षं ही हमी नाही, चौथ्या वर्षीही बाद होऊ शकतो. वर्षातून किमान दोनदा पूर्ण धुणं आणि एकदा कसून तपासणी असंही त्यात आहे. मी युरोपच्या सूटलाही तेच लावायचो. कायद्यानं बांधील होतो असं नाही.

होटगी_रोड
आमचे साहेब म्हणतील पुस्तिकेत नाही तर कशाला. असो, बघतो.

निवृत्त_बंबवाला
सुईदोरा ताई, आता तुमच्या कोटाचीच तपासणी करू. सगळ्यात आधी आतल्या बाजूचं लेबल वाचा. मग अंधाऱ्या खोलीत अस्तराच्या आत प्रखर टॉर्च धरा. उजेड सगळीकडं सारखा मंद दिसला पाहिजे. कुठं फटफटीत दिसला तर तिथली गादी सरकली किंवा विरली. वरच्या कापडावर जिथं फिकं पडलंय तिथं अंगठा जोरात दाबून ताणा, धागे तुटतात का बघा.

शेवटी पेल्याची परीक्षा. मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. एक पेला ते आणि सहा पेले नळाचं पाणी असं मिसळा. अल्कोहोलनं पाणी सैल होतं आणि बारीक भोकातूनही उतरतं. अस्तराची पडद्याची बाजू वर ठेवून बादलीवर वाटीसारखा खळगा करा, त्यात पेलाभर ओता, तीन मिनिटं थांबा आणि खालच्या गादीला हात लावून बघा. खांदा, कोपर, पाठ. जिथं ओल आली तिथं पडदा गेला. जवळ गॅस पेटता ठेवू नका, आणि नंतर अस्तर साध्या पाण्यानं खळबळून सावलीत वाळवा.

सुईदोरा
केलं काका. लेबल घामानं पुसट झालंय, पण तिरक्या उजेडात वाचता आलं. मार्च २०१४. मिस्टरांना कोट मिळाला २०१९ ला, नवा म्हणून. म्हणजे पाच वर्षं स्टोअरला पडून होता. त्यांना वाटत होतं अजून बरीच वर्षं आहेत.

टॉर्चमध्ये पाठीला ठीक. डाव्या कोपराशी रुपयाएवढा उजळ गोल. अंगठा दाबला तर खांद्यावर फिक्या जागी चर्र आवाज आला आणि दोन धागे सुटले. माझ्या टिपेच्या बाहेर, चांगल्या कापडात. पेल्याला पाठ कोरडी निघाली. खांद्याला मिनिटाच्या आतच गादी ओली, आणि ओल टाक्यांच्या रेषेत. टाके मोजता येत होते.

मिस्टर बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत. मी दोन वर्षांपूर्वीही एक टीप मारली होती, ती काखेत. तिथंही ओल आली.

निवृत्त_बंबवाला
मग निकाल लागला. तुमच्या टिपेनं नव्हे ताई, मार्च २०२४ लाच लागला होता. कापडच सुटतंय तर दुरुस्तीही करण्यात अर्थ नाही. हा कोट आगीत जाता कामा नये. पाठीवर मोठ्या अक्षरात "फक्त सराव, आग नाही" असं पक्क्या रंगानं लिहून ड्रिलला वापरता येतो, शिडी चढायला, होज ओढायला. नाहीतर बाह्या कापून टाकायचा. अखंड फेकला तर भंगारवाला विकतो आणि कुणीतरी गरीब पोरगा वेल्डिंगला घालतो.

सुईदोरा
त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. उत्तर मिळालं, "चांगला तर दिसतोय." नव्याची मागणी टाकलीय, कधी येईल माहीत नाही. तोवर वर्दी आली तर?

होटगी_रोड
आमच्याकडं पण हेच होईल बघा.

निवृत्त_बंबवाला
याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. मी असतो तर लेबलचा फोटो, कोपराच्या टॉर्चचा फोटो आणि ओल्या टाक्यांचा फोटो लावून लेखी अर्ज दिला असता, तोंडी नाही. नवा येईपर्यंत दुसऱ्या पाळीतल्याचा कोट मापाचा असेल तर तो घ्यावा, आणि नसेल तर बाहेरून पाणी मारायच्या कामालाच उभं राहावं, आत जाऊ नये. हे सांगणं सोपं आहे, वर्दीला किती ऐकलं जातं ते मी पाहिलंय.

जुना_खेळाडू
मामांशी बोललो. त्रास काही नाही म्हणाले. मग म्हणाले, त्यांच्या पाळीतले सात जण होते, आता ते आणि एक जण उरलेत. बाकीचे कशानं गेले हे त्यांना नीट माहीत नाही. कोटाबद्दल मी काही म्हणत नाही. नुसतं सांगितलं.

रंगारी_भवानीपेठ
ताई, आमच्याकडं एक जुनं फ्रंट लोड पडून आहे, टॉवेलचे सॅम्पल धुवायचो त्यात. फेरे कमी करता येतात, पाण्याचं तापमान लावता येतं. मिस्टरांच्या पाळीतले बाकीचे कोट वेळेत असतील तर आणून धुवा. पैसे नकोत. आधी ४० वर एक रिकामं चालवून थर्मामीटरनं बघतो, या मशीनचा काटा खोटा आहे.

निवृत्त_बंबवाला
रंगारीसाहेब, त्यात परत टॉवेल धुवायचा नाही मग. एकही नाही. आणि वाळवायला सावली आणि पंखा, गच्ची नको. आधी प्रत्येक कोटाचं लेबल वाचूनच मशीनला लावा, बाद कोट धुऊन पाणी वाया घालवू नका.

रंगारी_भवानीपेठ
कबूल. गड्ड्यावरचे, तुमची चादर सुकीच ठेवा, चोळू नका, व्हॅक्यूमचं तोंड वरच्यावर धरून काजळी ओढून घ्या आणि मग साबण लावा. फुकटचा सल्ला.

ताई, आमच्या गल्लीत पाणी गुरुवारी आहे. शुक्रवारी सकाळी नऊनंतर आणा, मुकादमाला सांगून ठेवतो.

सुईदोरा
पाच कोट आहेत. लेबल वाचून झाली, तीन वेळेत आहेत. एकाचं लेबलच कापलेलं आहे, टोचत होतं म्हणून. पाचवा यांचा. त्या लेबल नसलेल्याचं काय करायचं, काका?